प्लास्टिड ओळखताना या चुका टाळा: केळी, मिरची आणि बिचारं आयोडीन

अकरावीपासून बीएस्सीपर्यंत कुठलंही जर्नल उघडा, प्लास्टिडच्या पानावर तोच हिशेब मांडलेला असतो. हिरवं दिसलं की क्लोरोप्लास्ट, लाल-पिवळं-जांभळं दिसलं की क्रोमोप्लास्ट, रंग नाही म्हणजे ल्युकोप्लास्ट, आणि आयोडीनने काळं झालं की अमायलोप्लास्ट. चार चौकटी, चार नावं, सही घेतली की सुटलो. मायक्रोस्कोपखाली मात्र पेशी या चौकटी पाळत नाही, कारण ही चार वेगवेगळी अंगकं नाहीतच. कोंबाच्या टोकाला जी बारीक, बिनरंगी प्रोप्लास्टिडं असतात, त्यांच्यापासूनच ही सगळी तयार होतात, आणि पुढेही एकातून दुसरं होत राहतं. डीएनए त्यांच्यात तोच असतो. कोणत्या पेशीत काय व्हायचं, ते मुख्यतः केंद्रकातली जनुकं ठरवतात.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक आधी घेतो.

सालीवरून गराचा अंदाज बांधणे

आपल्याकडे केळी मुबलक, त्यामुळे अमायलोप्लास्टचं प्रॅक्टिकल बटाट्याऐवजी केळीवर घ्यायची हौस अनेकांना असते. हौस चांगलीच आहे. कच्च्या केळीच्या गरात साधारण 20 ते 25 टक्के स्टार्च असतो, पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येतो. म्हणजे भरलेले अमायलोप्लास्ट आणि रिकामे होत आलेले अमायलोप्लास्ट एकाच फळाच्या दोन अवस्थांत शेजारी ठेवून दाखवता येतात.

रावेरकडच्या एका कॉलेजातून एप्रिलमध्ये फोन आला. ‘सर, आयोडीन खराब निघालं. कच्ची केळी आहेत, तरी निळं-काळं काही होत नाही.’ पहिली बाटली ओतून दिली होती, दुसरी नव्याने बनवली होती, तिसरी दुसऱ्या डिपार्टमेंटकडून उसनी आणली होती. पोरं कंटाळून बाहेर सावलीत उभी. मी गेलो तेव्हा टेबलावर केळी होती ती खरंच हिरवी होती. एक हातात घेऊन दाबलं तर अंगठा आत गेला. सोलून चाखलं तर गोड. चार दिवस ती बंद कपाटात पडून होती, आणि खोलीत पंख्याखालीही चाळीसच्या आसपास तापमान. बाटलीतला एक थेंब बटाट्याच्या फोडीवर टाकला, लगेच निळा-काळा झाला. आयोडीन तिन्ही वेळा चांगलंच होतं.

झालं असं की ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातली केळी, आणि या गटाचा एक स्वभाव आहे. साधारण 24 अंशांच्या वर पिकवली तर गरातला स्टार्च साखर होत जातो, पण सालीतलं क्लोरोफिल नीट मोडत नाही. तापमान जितकं जास्त, तितकी साल हिरवी राहते. म्हणून तर रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन देताना तापमान 16 ते 18 अंशांच्या आसपास ठेवतात. सालीतली प्लास्टिडं आणि गरातली प्लास्टिडं एकाच फळात असली तरी त्यांची घड्याळं वेगळी चालतात. साल पाहून गराची अवस्था लिहिणारा विद्यार्थी म्हणजे शेजारच्या घराचं वीजबिल पाहून स्वतःचं भरणारा माणूस.

माझी सवय अशी: आयोडीनला दोष देण्याआधी बटाट्यावर एक थेंब. पाच सेकंदांचं काम आहे, पण कोणी करत नाही. आणि केळी उन्हाळ्यात वापरायचीच असेल तर ती बागेतून त्याच दिवशी आणायची. चिरताना चिकट चीक निघाला, गर कडक लागला आणि चव तुरट आली, म्हणजे कच्ची.

आयोडीनबद्दल एवढंच, की ते स्फटिक साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. आधी 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यात 1 ग्रॅम आयोडीन घाला, ते विरघळलं की पाणी घालून 300 मिली करा. तपकिरी बाटलीत, बूच घट्ट. स्लाइडवर टाकताना ते आणखी पातळ करा, गवती पिवळं दिसेल इतकं. घट्ट टाकलं की कण नुसते काळे ठिपके होतात, बटाट्याच्या कणावरची वलयं दिसतच नाहीत. घाई करणाऱ्यांना काळाकुट्ट रंग आवडतो, त्यांना वाटतं रिझल्ट जोरात आला.

अजून एक. तुम्हाला दिसतो तो स्टार्चचा कण. त्याच्याभोवतीचं अमायलोप्लास्टचं दुहेरी आवरण साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, आणि ब्लेडने खरवडताना बऱ्याचदा ते फाटलेलंही असतं. आकृतीत दोन रेषा काढून ‘दिसले तसे’ लिहू नका. आणि दुपारी तोडलेलं पान रंग काढून आयोडीनमध्ये टाकलं तर तेही काळं होतं, कारण क्लोरोप्लास्टही दिवसा स्टार्च साठवतो. तेवढ्याने तो अमायलोप्लास्ट होत नाही.

‘हिरवा रंग गेला आणि आतला लाल दिसू लागला’

हे वाक्य केळीच्या सालीबाबत बरंचसं खरं आहे. तिथे पिवळी कॅरोटिनॉइडं आधीपासून असतात, क्लोरोफिल मोडलं की ती डोळ्यांना दिसू लागतात. पण तेच वाक्य मिरचीखाली चिकटवलं की चूक होते. हिरव्या मिरचीत लाल रंग लपून बसलेला नसतो. नंदुरबारच्या मिरचीला जो लाल रंग येतो, तो मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा, आणि ते पिकताना नव्याने तयार होतं. त्याच वेळी क्लोरोप्लास्टमधल्या थायलाकॉइडच्या चळती मोडतात, आणि आत स्निग्ध पदार्थांचे थेंब आणि तंतू वाढतात, ज्यांत हा रंग मावतो. जुना क्लोरोप्लास्ट मरून त्या जागी नवा क्रोमोप्लास्ट येत नाही, तोच बदलतो. टोमॅटोत हे कॉन्फोकल मायक्रोस्कोपने पाहिलेलं आहे: एकाच प्लास्टिडात क्लोरोफिलची चमक उतरते आणि कॅरोटिनॉइडची चढते.

हे साध्या मायक्रोस्कोपवर पाहायचं तर अर्धी हिरवी, अर्धी लाल झालेली मिरची घ्या. मंडईत ती विकणारी बाई बाजूला काढून ठेवते, तीच मागून घ्या. उभी चिरून बिया काढा. हिरवा भाग, लाल भाग आणि मधला मातकट पट्टा, अशा तीन जागी गराच्या आतल्या मऊ थरातून ब्लेडच्या टोकाने अगदी थोडं खरवडा. पाण्याच्या थेंबात सुईने विलग करा, कव्हरस्लिप ठेवा, 10 च्या आयपीसवर 40 चं ऑब्जेक्टिव्ह लावा. हिरव्या भागात गोलसर हिरवे दाणे दिसतील. लाल भागात त्यांच्याहून बारीक, केशरी-लाल ठिपके, काही टोकदार. खरी गंमत मधल्या पट्ट्यात असते. तिथे एकाच पेशीत हिरवट, पिवळट, केशरी असे सगळे सापडतात. एका स्लाइडवर हे तिन्ही पाहिलेल्या पोराला बदल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, सवयीने सॅफ्रॅनिनचा थेंब. मग सगळंच लाल दिसतं आणि ‘सर, किती क्रोमोप्लास्ट आहेत भो!’ अशी आरोळी येते. ज्याचा रंग बघायचा त्याला रंग लावायचा नाही. दुसरी, स्लाइड अल्कोहोलने धुणे. कॅरोटिनॉइडं अल्कोहोलमध्ये उतरतात, ठिपके फिके पडतात. आणि हो, आयपीसला डोळा लावण्याआधी हात साबणाने धुवा. मिरचीवर काम चाललंय याचा विसर फार लवकर पडतो.

मिरची नाही मिळाली तर टोमॅटो चालतो, पण आपल्या उन्हाळ्यात जपून. तापमान 30-32 अंशांच्या वर राहिलं की लायकोपिन बनणं मंदावतं, टोमॅटो पिवळट-केशरीच राहतो. खोलीत पिकवायला ठेवलेला टोमॅटो लाल होईना, तर जागा बदला, वाण बदलू नका.

जांभळं म्हणजे क्रोमोप्लास्ट नव्हे

जांभळं वांगं, लाल कांदा, बीट. तिन्हींचा रंग पेशीच्या व्हॅक्युओलमध्ये, पाण्यात विरघळलेला असतो, प्लास्टिडात नाही. (भरताचं आपलं हिरवट वांगं यात नाही, ते आणून वाद घालू नका.) लाल कांद्याच्या पापुद्र्याला कव्हरस्लिपच्या एका कडेने 5 टक्के मिठाचं पाणी द्या आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढा. काही मिनिटांत रंग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो, सलग डाग म्हणून. ठिपके कुठेच नाहीत. मिरचीत रंग ठिपक्यांतच राहतो.

घरी पाहायचं असेल तर शेवभाजीची तर्री बघा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरून वर येतो, बीट उकळलं तर पाणीच लाल होतं. ही खूण बहुतेक वेळा चालते, पण हळद फसवते. तिचा रंगही तेलात उतरतो, तरी कर्क्युमिन हे क्रोमोप्लास्टचं कॅरोटिनॉइड नाही. म्हणून शेवटचा निकाल मायक्रोस्कोपवरच.

एकाच दिशेचे बाण

प्रोप्लास्टिड, मग क्लोरोप्लास्ट, मग क्रोमोप्लास्ट, संपलं. अशी आकृती आली की मी लाल पेनने उलटे बाण काढतो. मातीबाहेर राहिलेल्या गाजराचा खांदा हिरवा होतो, तिथे क्रोमोप्लास्टपासून क्लोरोप्लास्ट झालेले असतात. उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो, तो अमायलोप्लास्टचा बदल. खिडकीत, थेट ऊन नाही अशा जागी आठवडाभर बटाटा ठेवा, सालीलगतचा पातळ काप आधी नुसत्या पाण्यात बघा. काही कणांभोवती हिरवट पडदा दिसेल. आयोडीन त्यानंतर. आधी टाकलं तर त्या काळ्या रंगात हिरवं बुडून जातं आणि तीच स्लाइड पुन्हा करावी लागते. हा बटाटा मग भाजीत घालू नका. हिरवं क्लोरोफिल निरुपद्रवी असतं, पण उजेडाने त्याच वेळी सोलॅनिनही वाढतं, वेगळ्या वाटेने.

एरंडीच्या बीतले प्रथिनांचे कण हे प्लास्टिड नाहीत, ती प्रथिनं साठवणारी व्हॅक्युओलं आहेत. जर्नलमध्ये त्यांच्यापुढे ‘ल्युकोप्लास्ट’ लिहून आणलं तर मी सही करत नाही.