बारावीतले नवमतदार: नोंदणीत आणि सरावात या चुका टाळा

बारावीच्या वर्गात दरवर्षी ऐकू येतं, "सर, अजून अठरा पूर्ण नाहीत, मग आत्ताच कशाला?" सर्वांत महागात पडते ती हीच चूक. १७ वर्षं पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा अर्ज, म्हणजे नमुना ६, आगाऊ भरता येतो. पूर्वी वर्षातून १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. २०२२पासून त्या चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पहिल्या अर्हता तारखेला तुम्ही पात्र ठरता.

१४ ऑगस्ट २००७ला जन्मलेली मुलगी घ्या. ती १४ ऑगस्ट २०२५ला अठराची झाली आणि १ ऑक्टोबरला पात्र ठरली. तरीही १५ जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीत तिला मत देता आलं नाही, कारण त्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ची विधानसभेची मतदार यादी धरली होती. यात तिची काहीच चूक नव्हती. पण हे तिला आधी समजावून सांगायला हवं होतं, नाहीतर पहिल्याच वेळी केंद्रावरून परत फिरलेलं पोर पुढच्या वेळी तिकडे जायलाच कंटाळतं. म्हणून वर्गात जन्मतारखांची यादी करा आणि प्रत्येकासमोर त्याची अर्हता तारीख लिहा.

अर्ज भरताना घोळ होतो तो नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी. मुलं गुणपत्रिकेवरची पूर्ण ओळ नावाच्या रकान्यात टाकतात आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडतात. अर्ज दाखल करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून शिक्षकांनी एकदा तपासावं. चूक छापून आलीच, तर नमुना ८ भरून दुरुस्ती होते. आणि हातात मतदार ओळखपत्र आलं म्हणजे झालं, असं समजू नका. मत यादीतल्या नावावर देता येतं, म्हणून मतदानाच्या आधी voters.eci.gov.in वर नाव शोधा किंवा १९५०वर फोन करा.

शाळेतली नकली निवडणूक बहुतेक वेळा हात वर करून उरकतात. त्यात गुप्त मतदान शिकवलंच जात नाही. मित्राकडे बघून हात वर होतो. खोक्याचा आडोसा करा, चिठ्ठ्या घ्या. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत एका प्रभागात चार जागा असतात, त्यामुळे चार रंगांच्या चार चिठ्ठ्या द्या. एका जागेचं मत देऊन मागे फिरणारी मुलं तेव्हाच लक्षात येतात. एखाद्या जागेचा उमेदवार पसंत नसेल, तर 'नोटा' निवडायचं.

वादविवादाला "तरुणांनी राजकारणात यावं का?" हा विषय नको, त्यावर पाठ केलेली भाषणं होतात. "आपल्या गल्लीत पाणी एक दिवसाआड का येतं?" असा विषय द्या. आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी आमदाराला जबाबदार धरलं. मग महापालिकेचं पाणीपट्टीचं बिल वाचायला दिलं. बिल हातात आल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे नगरसेवकाला विचारायचं होतं!"