पीसी मधूनच गोठतो? डिस्क बदलण्याआधी साटा केबल तपासा, आणि या चुका टाळा

माउस फिरतोय, पण क्लिक केलं की काहीच होत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा न लुकलुकता पेटलेलाच, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं आपोआप सुरळीत. भाच्याच्या पीसीचं हेच दुखणं होतं. त्याने विंडोज दोनदा नव्याने टाकलं, तरी फरक नाही. पहिली चूक हीच: दोष डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलीत, त्या साध्या तारेत, असू शकतो हे कुणाच्या मनातच येत नाही.

आधी `Event Viewer` उघडून `System` लॉग बघा. गोठण्याच्या वेळीच `storahci`, म्हणजे विंडोजच्या साटा ड्रायव्हरकडून, 129 क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं, असा त्याचा अर्थ. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या `CrystalDiskInfo` मध्ये `C7` ची ओळ, म्हणजे `UDMA CRC Error Count`, बघा. डेटा तारेतून जाताना बिघडला की हा आकडा वाढतो. तो कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून घाबरणं ही दुसरी चूक. तो आज वाढतोय का, हे महत्त्वाचं. तिथला आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला असतो, हेही ध्यानात ठेवा.

भाच्याच्या हार्ड डिस्कवर `1A7`, म्हणजे 423 होते. बॅकअप घेऊन 40 जीबीचा फोल्डर कॉपी केला, तर 435 झाले.

आता तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: केबल आणि मदरबोर्डवरचं पोर्ट एकदम बदलणं. त्रास थांबतो, पण दोषी कोण ते कळत नाही, आणि खराब पोर्टात पुढच्या वेळी दुसरी डिस्क लावली जाते. म्हणून पीसी बंद करून, प्लग काढून, आम्ही केबल तीच ठेवली आणि फक्त पोर्ट बदललं. पुन्हा तीच कॉपी, आकडा 448. म्हणजे पोर्ट निर्दोष. मग हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या केबलींची अदलाबदल केली. हार्ड डिस्क 448 वरच थांबली आणि एसएसडीचा `C7`, जो आजवर शून्य होता, 9 झाला. दोष केबलीबरोबर चालत गेला. ती काढून पाहिली, तर कनेक्टरच्या अगदी मागे, कॅबिनेटच्या झाकणाने दाबून, काटकोनात मोडलेली होती. तिथे आडव्या तोंडाची, खटका असलेली केबल लावली.

दोष पोर्टाबरोबर राहिला असता, तर ते पोर्ट कायमचं सोडून द्यायचं. पोर्ट निवडताना मदरबोर्डचं मॅन्युअल बघा, कारण एम.2 स्लॉट भरला की काही बोर्डांवर एखादं साटा पोर्ट बंद होतं.

आकडा स्थिर आहे पण गोठणं चालूच आहे, तर केबलीला लगेच निर्दोष ठरवू नका. काही चुका डिस्कच्या नाही, बोर्डाच्या बाजूला पकडल्या जातात आणि `C7` मध्ये मोजल्या जात नाहीत. अदलाबदल तरीही करा, आणि सोबत डिस्कला वीज देणारा साटा कनेक्टरही बदलून बघा. `05` किंवा `C5`, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचा आकडा, वाढत असेल, तर मात्र डिस्कच जातेय. मग केबलींशी खेळत बसू नका, डेटा काढून घ्या.