विमा दाव्याच्या ईमेलला ‘तपशील अपुरा’ हेच उत्तर येत असेल तर

म्हापशातल्या माझ्या काजूच्या दुकानात पावसाचं पाणी शिरलं. सुटे फोटो पाठवले, फोन केले, उत्तर तेच. डोकं फिरलं.

चाललं ते असं: विषयात पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख, दुकानाचा पत्ता. मग पहिल्याच वाक्यात कारण: ‘रस्त्यावरचं पुराचं पाणी दारातून आत आलं.’ नुसतं ‘पाणी लागलं’ लिहिलं की छताची गळती समजतात, आणि ती बहुधा पॉलिसीत नसते. त्याखाली भिजलेल्या मालाची यादी, नग आणि खरेदी किमतीसह. विक्रीची किंमत धरत नाहीत. यादीतल्या क्रमानेच खरेदीची जीएसटी बिलं, स्टॉक रजिस्टरची पानं आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो एकाच पीडीएफमध्ये. शेवटी दावा क्रमांक आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर, या दोन्हींची मागणी. तो येईपर्यंत कुजका मालही टाकू नका, वास सोसा.