रेड चॅनलला घाबरून ग्रीनमधून निघू नका: या चुका टाळा

दुबईहून मुंबईला उतरलेल्या नाशिककरांना कसारा घाट ओलांडून घर गाठायची घाई असते. कस्टम तपासणीपाशी समोर पाट्या दोनच: जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवी म्हणजे ग्रीन चॅनल, ड्युटी लागणारं काही असेल तर लाल म्हणजे रेड चॅनल. 'आपण काय चोरी केली आहे?' असं म्हणत बरेच जण हिरवीकडे वळतात आणि इथेच पहिली चूक होते.

ड्युटी लागणारी वस्तू म्हणजे बंदी असलेली वस्तू नव्हे. ती आणायला परवानगी असते, फक्त कर भरावा लागतो. रेड चॅनलला जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही. उलट अशी वस्तू घेऊन ग्रीनमधून गेलात, तर 'माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही' असं तुम्ही सांगितल्यासारखंच होतं. मग सामान जप्त होऊ शकतं, दंडही बसू शकतो.

दुसरी चूक टीव्हीची. इंदिरानगरचं एक कुटुंब धरा: नवरा, बायको आणि कॉलेजातला मुलगा. येताना 30,000 रुपयांचा एलईडी टीव्ही आणला. 2026 च्या बॅगेज नियमांत परदेशातून येणाऱ्या भारतीयाला 75,000 रुपयांपर्यंतचं सामान करमुक्त आहे (आधी ही मर्यादा 50,000 होती). त्यांना वाटतं, आपण तर खूप आत आहोत. पण फ्लॅट पॅनल टीव्ही या सवलतीतून वगळलेला आहे. त्यामुळे पूर्ण किमतीवर 35 टक्के, म्हणजे 10,500 रुपये ड्युटी आणि त्या रकमेवर 10 टक्के अधिभार, 1,050 रुपये. एकूण 11,550. टीव्ही स्वस्त मिळाल्याचा आनंद इथे संपतो, म्हणून हा हिशेब दुकानातच करा.

मोबाइलचं गणित वेगळं. 90,000 च्या फोनवर फक्त वरच्या 15,000 वर कर लागतो, म्हणजे अधिभार धरून 5,775 रुपये. पण 'मी आणि ही, दोघांचे मिळून दीड लाख धरा ना साहेब' असं चालत नाही. प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र असते, एकाच फोनवर दोघांची जोडता येत नाही.

सोन्यातही टीव्हीसारखाच गोंधळ होतो. दागिन्यांची सवलत नाण्यांना आणि बिस्किटांना लागू नाही, मग सोबत सोनाराची पावती असली तरी.

रेड काउंटरवर फॉर्ममध्ये वस्तू आणि किंमत खरी लिहा आणि दुकानाचं बिल हातात ठेवा. अधिकारी किंमत ठरवतात, तुम्ही पैसे भरून पावती घेता. बिल मुद्दाम कमी रकमेचं करून आणू नका. शंका आली तर बाजारभाव पाहिला जातो, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही.

परदेशात राहणारे तुमचे पाहुणे थोड्या दिवसांसाठी येत असतील आणि त्यांना ड्युटी भरायची नसेल, तर वस्तू खरी जाहीर करून ती कस्टमकडे ठेवून जाताना परत मिळावी, अशी विनंती करता येते. कस्टम कायद्याच्या कलम 80 मध्ये ती सोय आहे. ग्रीनमधून गेल्यावर पकडलं गेलं, तर तिचा आधार घेता येत नाही.