1/q फलनाचे सांतत्य कसे सिद्ध करावे: √2 पाशी δ शोधून

एक फलन असे ठरवू. x अपरिमेय असेल तर f(x) = 0. x परिमेय असेल तर तो अतिसंक्षिप्त रूपात p/q असा लिहायचा, छेद q धन ठेवायचा आणि f(x) = 1/q घ्यायचे. म्हणजे f(3/2) = 1/2, f(7/5) = 1/5 आणि f(√2) = 0. पूर्णांकांचा छेद 1, म्हणून f(0), f(1), f(2) या सगळ्यांची किंमत 1. जर्मन गणितज्ञ योहानेस थोमे यांनी 1875 मध्ये हे फलन मांडले. ते प्रत्येक अपरिमेय बिंदूपाशी संतत आहे आणि प्रत्येक परिमेय बिंदूपाशी असंतत.

बी.एस्सी.च्या वर्गात हे विधान फळ्यावर आले की बहुतेकांना ते पटत नाही. त्याआधीच डिरिक्ले यांचे फलन शिकवलेले असते: परिमेय संख्येला 1, अपरिमेय संख्येला 0. कोणत्याही अंतरालात, कितीही लहान असले तरी, दोन्ही प्रकारच्या संख्या असतात. त्यामुळे ते फलन सतत 0 आणि 1 यांच्यात उड्या मारते आणि कुठेच संतत नसते. मग आपल्या फलनाचेही तसेच का होऊ नये? कारण इथे उडीची उंची ठरलेली नाही. √2 च्या जवळ परिमेय संख्या हव्या तितक्या सापडतात, पण जितके जवळ जावे तितके त्यांचे छेद मोठे होत जातात आणि 1/q शून्याकडे सरकते. पूर्ण सिद्धता या एका निरीक्षणावर उभी आहे. आता ती हाताने करून बघू.

आधी सोपा भाग: परिमेय बिंदू

a = 3/2 घ्या. f(3/2) = 1/2. सांतत्य मोडायचे असेल तर एकच ε असा दाखवावा लागतो की ज्याच्यासाठी कोणताही δ चालत नाही. ε = 1/4 घेऊ. δ कितीही लहान असला तरी n पुरेसा मोठा घेतला की 3/2 + √2/n ही संख्या 3/2 पासून δ पेक्षा कमी अंतरावर येते. ती अपरिमेय आहे, म्हणून तिथे f = 0. फरक पडला 1/2, जो 1/4 पेक्षा मोठा आहे. p/q साठीही हेच, फक्त ε = 1/(2q) घ्यायचे.

अपरिमेय बिंदू: δ कसा शोधायचा

a = √2 = 1.41421356… आणि ε = 1/5 घेऊ. √2 च्या दोन्ही बाजूंना असा पट्टा हवा की त्यातल्या प्रत्येक x साठी f(x) < 1/5 व्हावे. अपरिमेय x ची चिंताच नाही, तिथे f = 0. उरल्या परिमेय संख्या. त्यांपैकी नियम मोडणाऱ्या कोणत्या? ज्यांच्यासाठी 1/q ≥ 1/5, म्हणजे q ≤ 5. सिद्धतेतली पहिली पायरी नेहमी हीच: ε दिल्यावर नियम मोडणाऱ्या संख्या कोणत्या ते छेदाच्या भाषेत लिहून काढायचे. इथे q = 5 सुद्धा यादीत येतो, कारण आपल्याला f(x) < 1/5 हवे आहे आणि f(7/5) नेमके 1/5 आहे. वहीत बऱ्याच जणांचा q < 5 लिहिला जातो आणि पुढे 7/5 हाच सर्वांत महत्त्वाचा अपूर्णांक यादीतून निसटतो.

दुसरी पायरी: √2 भोवती एखादे सीमित अंतराल पकडायचे. आपण 1 ते 2 घेऊ. त्यात 5 पर्यंतच्या छेदांचे अपूर्णांक एवढेच आहेत:

1, 6/5, 5/4, 4/3, 7/5, 3/2, 8/5, 5/3, 7/4, 9/5, 2

यादी सांत आहे, इथेच सिद्धतेचा प्राण आहे. ती सांत का, हे नीट समजून घ्या. छेद 5 चे अपूर्णांक एकमेकांपासून 1/5 अंतरावर असतात, छेद 3 चे 1/3 अंतरावर. सीमित अंतरालात ठरावीक छेदाचे मोजकेच अपूर्णांक मावतात, आणि 5 पर्यंतचे छेदही पाचच. अंतराल सीमित न ठेवता पूर्ण संख्यारेषा घेतली तर यादी अनंत होते, म्हणून ही पायरी गाळून चालत नाही.

तिसरी पायरी: यादीतल्या प्रत्येक संख्येचे √2 पासूनचे अंतर काढायचे आणि सर्वांत लहान अंतर निवडायचे. डावीकडे सर्वांत जवळचा 7/5 = 1.4, अंतर सुमारे 0.0142. उजवीकडे 3/2, अंतर सुमारे 0.0858. लहान अंतर 0.0142, तेव्हा δ = 0.014 घेऊ. पट्टा झाला साधारण 1.4002 ते 1.4282. यात 17/12 सापडतो, 24/17 सापडतो. त्यांच्या किमती 1/12 आणि 1/17, दोन्ही 1/5 पेक्षा लहान.

√2 अपरिमेय असण्याचा उपयोग नेमका कुठे झाला? तिसऱ्या पायरीत. √2 स्वतः यादीत असूच शकत नाही, म्हणून सगळी अंतरे शून्यापेक्षा मोठी आहेत, आणि सांत यादीतले सर्वांत लहान अंतरही शून्यापेक्षा मोठेच. उत्तरपत्रिकेत हे वाक्य नसेल तर सिद्धता अपुरी राहते.

ε लहान केल्यावर

आता ε = 1/100 घेऊ. नियम मोडणारे छेद 1 ते 100. 1 आणि 2 च्या मधले असे सगळे अपूर्णांक लिहीत बसणे म्हणजे काही हजारांची यादी, पण त्याची गरज नाही. दोन अपूर्णांक बघा: 140/99 = 1.414141… आणि 99/70 = 1.414285… पहिला √2 च्या किंचित डावीकडे, दुसरा किंचित उजवीकडे. तिरकस गुणाकारांची वजाबाकी करा: 99 × 99 − 140 × 70 = 9801 − 9800 = 1.

ही वजाबाकी 1 आली की त्या दोन अपूर्णांकांच्या मध्ये पडणाऱ्या कोणत्याही अपूर्णांकाचा छेद निदान दोन्ही छेदांच्या बेरजेइतका असतो. कारण सोपे आहे. मध्ये a/b पडला असे समजा. त्याचे 140/99 पासूनचे अंतर निदान 1/(99b) आणि 99/70 पासूनचे निदान 1/(70b), कारण वेगवेगळ्या अपूर्णांकांच्या वजाबाकीत अंश निदान 1 असतो. दोन्ही अंतरांची बेरीज म्हणजे पूर्ण अंतर, आणि ते आहे 1/(99 × 70). यावरून b ≥ 99 + 70 = 169.

म्हणजे या दोघांच्या मध्ये 100 पर्यंतच्या छेदाचा एकही अपूर्णांक नाही. √2 पासून त्यांची अंतरे काढली तर 140/99 चे सुमारे 0.00007215 येते आणि 99/70 चे त्याहून अगदी किंचित जास्त. दोघांचा गुणाकार बरोबर 2 आहे, म्हणून √2 त्यांच्या जवळजवळ मधोमध बसतो. δ = 0.00007 घेतला की काम झाले.

संगणकावर पडताळायचे असेल तर एवढे पुरते:

```python
from math import sqrt
a, N = sqrt(2), 100
print(min((abs(round(a*q)/q - a), round(a*q), q)
          for q in range(1, N+1)))
```

प्रत्येक छेदासाठी सर्वांत जवळचा अंश घेऊन त्यांतला सर्वांत लहान फरक हा प्रोग्रॅम दाखवतो. उत्तरात 140 आणि 99 दिसतात. मात्र f चाच आलेख अशा दशांश संख्यांवर काढायला जाऊ नका. संगणकातली प्रत्येक दशांश संख्या परिमेयच असते, तेव्हा √2 चीही जी किंमत तिथे साठवली जाते ती कुठल्या तरी प्रचंड छेदाचा अपूर्णांक असते.

सर्वसाधारण सिद्धता कागदावर

a अपरिमेय, ε > 0 दिलेला आहे. N > 1/ε असा नैसर्गिक N घ्या. (a−1, a+1) या अंतरालात N पर्यंतच्या छेदाचे अपूर्णांक सांत असतात, आणि a त्यांपैकी एकही नाही. त्यांच्या a पासूनच्या अंतरांपैकी सर्वांत लहान अंतर आणि 1, या दोहोंतले जे लहान ते δ. मग |x − a| < δ असेल तर x अपरिमेय असतो, किंवा त्याचा छेद N पेक्षा मोठा असतो. दोन्ही वेळा f(x) < 1/N < ε.

δ = 1/N घेऊन चालेल असे अनेकांना वाटते, पण ते चुकीचे आहे. ε = 1/5 साठी δ = 1/5 घेऊन बघा: 3/2 पट्ट्यात येतो आणि तिथे f = 1/2. शिवाय δ बिंदूगणिक बदलतो. 7/5 + √2/1000 ही संख्या अपरिमेयच आहे, पण 7/5 पासून तिचे अंतर जेमतेम 0.0014 आहे. तिथे त्याच ε = 1/5 साठी δ त्याहून मोठा घेता येत नाही. √2 साठी काढलेला 0.014 तिथे उपयोगाचा नाही.

सांतत्य आहे, मग अवकलज?

√2 पाशी फलन संतत आहे म्हटल्यावर तिथे अवकलज असेल का, हा प्रश्न लगेच येतो. अपरिमेय x मधून √2 कडे गेलो तर (f(x) − f(√2))/(x − √2) हे गुणोत्तर नेहमी 0. आता परिमेय x मधून जाऊ. कोणतीही विषम मूळ संख्या q घ्या आणि q√2 च्या सर्वांत जवळचा पूर्णांक p निवडा. √2 आणि p/q यांतले अंतर 1/(2q) पेक्षा कमी. √2 च्या इतक्या जवळ एकही पूर्णांक नाही, म्हणून p ला q ने भाग जात नाही आणि f(p/q) बरोबर 1/q. गुणोत्तराचे केवलमूल्य 2 पेक्षा मोठे झाले. q वाढवत गेलो तरी ते 2 च्या खाली येत नाही, आणि काही ठिकाणी तर खूपच मोठे असते: q = 29 ला p = 41 येतो आणि गुणोत्तर जवळपास 82 होते. सीमा अस्तित्वात नाही, म्हणून √2 पाशी अवकलजही नाही. √2 च्या जागी दुसरी कोणतीही अपरिमेय संख्या ठेवली तरी हाच युक्तिवाद लागू पडतो, फक्त q पुरेसा मोठा घ्यायचा. परिमेय बिंदूंपाशी तर सांतत्यच नाही, तेव्हा या फलनाला अवकलज कुठेच नाही.