फ्रिजला स्टॅबिलायझर लागतो का? ठरवताना या चुका टाळा

संध्याकाळी दिवे मंद होतात, फ्रिजच्या मागून थोडा वेळ घुंऽऽ असा आवाज येतो, मग 'टक्' होतं आणि सगळं शांत. लगेच निदान ठरतं: व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर आणा. कधी ते बरोबरही असतं. पण अगदी तसाच आवाज सैल झालेल्या सॉकेटमुळे येतो, बिघडलेल्या स्टार्टिंग रिलेमुळे येतो आणि लाइट जाऊन लगेच परत आल्यामुळेही येतो. म्हणून आधी मोजायचं आणि मग ठरवायचं. मोजण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

चूक पहिली: फ्रिज बंद असताना व्होल्टेज बघून समाधान मानणे

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण १ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. सुरू होण्याच्या क्षणी मात्र तो त्याच्या कितीतरी पट, ६ ते ८ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. निरोगी कॉम्प्रेसर सेकंदाच्या आत फिरायला लागतो आणि करंट खाली येतो. सगळी परीक्षा त्या एका क्षणाची असते, कारण मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० व्होल्टला मिळणारा जोर १०० टक्के धरला, तर १६० व्होल्टला तो जेमतेम ४८ टक्के उरतो. व्होल्टेज तीस टक्क्यांनी घटलं की जोर निम्म्यावर येतो.

जोर अपुरा पडला की मोटर जागेवरच अडकते. घुंऽऽ हा आवाज त्या अडकलेल्या मोटरचा. ती भरमसाट करंट ओढत राहते, तापते, आणि कॉम्प्रेसरवर बसवलेला ओव्हरलोड प्रोटेक्टर काही सेकंदांत तिचा पुरवठा तोडतो. 'टक्' तो. थंड झाला की तो पुन्हा जोडतो आणि तोच खेळ पुन्हा सुरू होतो. हे रोज होत राहिलं तर वाइंडिंगचं इन्सुलेशन भाजत जातं आणि कॉम्प्रेसर जळतो.

म्हणजे फ्रिज बंद असताना सॉकेटवर २०४ व्होल्ट दिसले, तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. लोड आल्यावर किती उरतात, ते कळलं पाहिजे.

चूक दुसरी: पुरवठा आणि घरातली वायरिंग वेगळी न तपासणे

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून इथे जरा थांबू. कॉम्प्रेसर सुरू होण्याचा क्षण साध्या मल्टिमीटरच्या आकड्यात नीट पकडता येत नाही. त्याऐवजी स्थिर लोड म्हणून १००० वॉटची इस्त्री वापरा.

फ्रिजचा प्लग काढा. त्याच सॉकेटमध्ये घट्ट बसणारा, चांगल्या स्थितीतला मल्टिप्लग लावा. इस्त्रीचं बटण सर्वांत जास्त तापमानावर ठेवून ती मल्टिप्लगला जोडा, पण अजून सुरू करू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० रेंजवर ठेवा आणि लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना, हे दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली तर सॉकेटमध्ये थेट शॉर्ट होतो. मल्टिप्लगच्या मोकळ्या भोकांत प्रोब घालून आकडा लिहा, इस्त्री सुरू करा, पुन्हा लिहा. इस्त्रीचा दिवा विझला तर थर्मोस्टॅटने लोड तोडलेला असतो, तेव्हाचा आकडा धरू नका. शेवटी इस्त्री फ्रिजच्या सॉकेटवरच ठेवून, ती बंद आणि चालू असताना, काहीच न जोडलेल्या दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटमध्ये हेच दोन आकडे घ्या. त्या सर्किटमधून करंट वाहत नसल्यामुळे तिथे मेन बोर्डावरचंच व्होल्टेज दिसतं, बोर्ड उघडावा लागत नाही. पुरवठा स्वतःच हलत असतो, म्हणून इस्त्री दोन-तीनदा चालू-बंद करून खात्री करा.

समजा, संध्याकाळी आठ वाजता असे आकडे आले. इस्त्री बंद असताना दोन्हीकडे २०४. इस्त्री सुरू केल्यावर दुसऱ्या सर्किटवर २०२, आणि फ्रिजच्या सॉकेटवर १९०. बाहेरच्या लाइनवर फक्त २ व्होल्ट पडले, उरलेले १२ घरातच गेले. इस्त्री त्या वेळी साधारण ३.६ अँपिअर घेते, म्हणजे मेन बोर्ड ते फ्रिज या वाटेत सुमारे ३.३ ओहम रेझिस्टन्स आहे. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो. बोर्डपासून फ्रिज १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे ०.३६ ओहम. मग बाकीचे जवळपास ३ ओहम कुठे आहेत? सैल स्क्रूत, काळवंडलेल्या जोडात किंवा ढिल्या पडलेल्या सॉकेटच्या पत्तीत.

आता कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा करंट ८ अँपिअर धरू. घरातल्या वाटेत २६ व्होल्ट पडतील, बाहेर ४, आणि कॉम्प्रेसरला मिळतील १७४. जोर ५७ टक्के. इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून जोड घट्ट करून घेतले, सॉकेट बदललं, तर घरातलं नुकसान ३ व्होल्टवर येतं. कॉम्प्रेसरला १९७ व्होल्ट मिळतात आणि जोर ७३ टक्क्यांवर जातो. इतक्यावर चांगला कॉम्प्रेसर सहसा सुरू होतो. स्टॅबिलायझरची गरजच उरली नाही.

याच घरात वायरिंग तशीच ठेवून स्टॅबिलायझर लावला असता तर? स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. इनपुटला व्होल्टेज कमी असेल तर ते वाढवून देताना तो लाइनमधून त्या प्रमाणात जास्त करंट ओढतो. तो करंट त्याच सैल जोडातून जातो, तिथे आणखी व्होल्ट पडतात, स्टॅबिलायझर आणखी वरच्या टप्प्यावर जायला बघतो, आणि आतला रिले कटकट वाजायला लागतो. फ्रिज कदाचित चालेलही, पण जोड आधीपेक्षा जास्त तापेल. प्लग काढल्यावर त्याच्या पिना गरम लागत असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा. हा आगीचा धोका आहे.

चूक तिसरी: २२५ व्होल्टला अडकणाऱ्या कॉम्प्रेसरला स्टॅबिलायझर लावणे

सॉकेटवर लोडसकट २२० ते २३० व्होल्ट टिकत असतील आणि तरीही घुंऽऽ-टक् चालू असेल, तर दोष व्होल्टेजचा नाही. प्लग काढून कॉम्प्रेसरवरचा स्टार्टिंग रिले मेकॅनिककडून तपासून घ्या. हलवल्यावर आत तुकडे खुळखुळले, तर त्यातली पीटीसीची, म्हणजे तापल्यावर करंट अडवणारी, चकती फुटली आहे. कॉम्प्रेसर व्यवस्थित सुरू होतो पण बराच वेळ चालून मग ट्रिप होतो, असं असेल तर मागची जाळी धुळीने भरली आहे का आणि भिंतीपासून पुरेशी जागा आहे का, ते बघा.

चूक चौथी: लाइट ये-जा करते म्हणून फक्त व्होल्टेजचा विचार करणे

फ्रिज चालू असताना लाइट गेली की कॉम्प्रेसरच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी अशी स्थिती राहते. बारीक कॅपिलरी नळीतून हा दाब समान व्हायला ३ ते ५ मिनिटं लागतात. पीटीसी रिलेलाही थंड व्हायला काही मिनिटं हवी असतात. लाइट वीस सेकंदांत परत आली तर व्होल्टेज पूर्ण २३० असूनही मोटर अडकते. इथे उपाय विलंबाचा आहे. व्होल्टेज चांगलं असेल तर फक्त टाइम डिले आणि हाय-लो कट-ऑफ देणारं छोटं उपकरण पुरतं. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या फ्रिजमध्ये हा विलंब आतच दिलेला असतो, माहितीपुस्तिकेत बघा.

टीव्हीसाठीचा स्टॅबिलायझर फ्रिजला लावू नये, तो याच कारणाने. त्यात असा विलंब बहुधा नसतो आणि मोटरचा सुरुवातीचा करंट झेलण्याइतकी ताकदही नसते.

चूक पाचवी: 'स्टॅबिलायझर फ्री' म्हणजे कशालाच न घाबरणारा, असं समजणे

इन्व्हर्टर फ्रिजचा बोर्ड आधी एसीचं डीसी करतो आणि त्यातून मोटरला हळूहळू वेग देतो. सुरुवातीचा मोठा झटका नसतो, त्यामुळे कमी व्होल्टेज त्याला खूपच कमी त्रास देतं. पुस्तिकेत दिलेल्या रेंजच्या आत तुमचे आकडे बसत असतील तर स्टॅबिलायझर घेऊ नका. तो स्वतःही चोवीस तास थोडी वीज खातो. १० वॉट धरले तर महिन्याला ७ युनिट.

पण ही रेंज म्हणजे काम चालण्याची मर्यादा. वीज कडाडल्यावर लाइनमध्ये येणारा क्षणिक झटका त्यात धरलेला नसतो. त्यासाठी मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन आणि चांगलं अर्थिंग लागतं; साधा रिलेवाला स्टॅबिलायझर त्या वेगाला पुरा पडत नाही. थ्री-फेज लाइनवर न्यूट्रल तुटलं तर सिंगल-फेज सॉकेटवर ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेही कुठल्याच घरगुती फ्रिजच्या रेंजमध्ये बसत नाही. एखादं उपकरण सुरू केल्यावर काही दिवे मंद आणि काही जास्त तेजस्वी होत असतील, तर न्यूट्रल ढिलं आहे असं धरा. मेन बंद करा आणि वीज पुरवणाऱ्यांना कळवा.

मग स्टॅबिलायझर कधी घ्यायचा?

वायरिंग ठीक केल्यावरही साध्या फ्रिजच्या सॉकेटवर लोडसकट व्होल्टेज वरचेवर १८० च्या खाली जात असेल, किंवा मध्यरात्रीनंतर लोड कमी झाल्यावर २५० च्या वर चढत असेल, तर घ्या. पुस्तिकेत वेगळी रेंज असेल तर ती प्रमाण. मोजमाप संध्याकाळी गर्दीच्या वेळी आणि पहाटे, असं आठवडाभर करा.

विकत घेताना आधी इनपुट रेंज बघा. तुमच्याकडे १४५ व्होल्टपर्यंत घसरण होत असेल आणि स्टॅबिलायझर १७० पासून काम करणारा असेल, तर ऐन गरजेच्या वेळी तो आउटपुट बंद करेल किंवा अपुरं देईल. मध्यम आकाराच्या साध्या फ्रिजला ५०० व्हीए पुरतो, मोठ्या फ्रिजला किंवा घसरण फार असेल तिथे १ केव्हीए घ्या. हाय कट-ऑफ आणि टाइम डिले दोन्ही हवेत. बसवल्यावर तो फ्रिजच्या वर किंवा मागे कोंडून ठेवू नका, मोकळ्या हवेत भिंतीवर लावा. आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर तीनेक मिनिटं फ्रिज बंदच दिसला तर बटणं दाबत बसू नका, तो टाइम डिले आहे. दर वेळी बटण बंद-चालू केलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.