मायस्थेनियाच्या पेशंटला रिलॅक्संट देताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगतो, म्हणजे बाकीचं सांगायला तोंड राहील. कोल्हापुरात प्रॅक्टिस सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, एका छोट्या हॉस्पिटलातनं पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायला बोलावणं आलं. कागलकडच्या एक मावशी, वजन ६०, मायस्थेनिया ग्रॅव्हिस चार वर्षांपासून, पायरिडोस्टिग्मिनची ६० मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातनं चारदा. आजार मला माहीत होता, परीक्षेत त्यावर पानभर लिहिलं होतं, रिलॅक्संट कमी द्यायचं हेही पाठ होतं. म्हणून एरवी अ‍ॅट्राक्युरियम ३० दिलं असतं तिथं २० दिलं आणि स्वतःवरच खूश झालो. नर्व्ह स्टिम्युलेटर तिथं नव्हता आणि खरं सांगायचं तर मी मागितलाही नव्हता. शेवटी निओ-ग्लायकोचं तयार अँप्युल, त्यात निओस्टिग्मिन २.५ मि.ग्रॅ., ते पूर्ण दिलं. मावशींनी डोळे उघडले, डोकं पाच सेकंद उचलून धरलं, मी नळी काढली.

वीस मिनिटांनी रिकव्हरीतनं सिस्टरची हाक आली, "सर, मावशींची लाळ गळतीय आणि बोलायला गेलं की नुसतं बघतायत." जाऊन बघतो तर मान टाकलेली, कपाळावर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास वरच्या वर. परत नळी, रात्रभर व्हेंटिलेटर, सकाळी ठीक झाल्या. नातेवाईक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

हे का झालं ते समजायला स्नायूवरचे रिसेप्टर एसटीच्या बाकांसारखे डोळ्यासमोर आणा. नस जिथं स्नायूला भेटते तिथं नसेच्या टोकातनं अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडतं आणि समोरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. प्रत्येक रिसेप्टरवर त्याच्यासाठी दोन जागा असतात, अगदी दोन माणसांच्या बाकासारख्या, आणि दोन्ही जागा भरल्या तरच ते दार उघडतं, सोडियम आत जातं. आता समजा गाडीत ४० बाकं आहेत आणि १० बाकं पूर्ण भरली की ड्रायव्हर गाडी सोडतो. म्हणजे ३० बाकं जास्तीची. हे आकडे मी उगाच घेतले नाहीत, निरोगी माणसात साधारण ७०-७५ टक्के रिसेप्टर अडवले जाईपर्यंत स्नायूची ताकद कमी झालेली दिसतच नाही.

रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम ही औषधं म्हणजे खिडकीतनं बाकावर टाकलेला रुमाल. स्वतः काही करत नाहीत, फक्त जागा धरतात, आणि बाकाच्या दोनपैकी एका जागेवर रुमाल पडला तरी ते अख्खं बाक वाया जातं. मायस्थेनियात (बहुतेकांत, सगळ्यांत नाही, काहींचा आजार मस्क नावाच्या दुसऱ्या प्रोटीनवरच्या अँटिबॉडीमुळं असतो) शरीराच्याच अँटिबॉडी हे रिसेप्टर मोडतात, ओढून आत नेतात, पडद्याच्या घड्याही सपाट करतात. ४० बाकांची १३ उरली असं धरा. घरात बसल्यावर गाडी सुटतीय, १० बाकं भरतायत, मावशी आपल्या पायांनी चालत ओपीडीत येतात. पण जास्तीची बाकं फक्त तीन! निरोगी माणसाची गाडी अडवायला तीसच्या वर रुमाल लागतात, इथं चौथा रुमाल पडला की गाडी स्टँडातच. मी डोसचा एक तृतीयांश कापला होता आणि जास्तीची बाकं मात्र नऊ-दहा पटीनं कमी होती, हा हिशोब मला त्या दिवशी जमला नाही.

बरं, कुणात १३ उरलीत आणि कुणात २५, हे वजनावरनं कळत नाही, रक्तातल्या अँटिबॉडीच्या आकड्यावरनंही कळत नाही. म्हणून "मायस्थेनियात निम्मा डोस" असा ठोकताळा डोक्यात धरून जाऊ नका. कुणाला निम्मा पुरतो, कुणाला पाव भागही जास्त होतो.

आता उलटी गंमत बघा, कारण इथंच ज्युनिअर लोक गडबडतात. सक्सिनिलकोलिन हा रुमाल नाही, तो अ‍ॅसिटिलकोलिनसारखाच खरा प्रवासी आहे, बसतो, गाडीला हिसका देतो आणि मग लवकर उठतच नाही. त्याचं काम व्हायला त्याला पुरेशी बाकं भरावी लागतात. बाकंच कमी असली की उरलेल्यांपैकी जवळजवळ सगळी भरायला जास्त गर्दी पाठवावी लागते. म्हणून मायस्थेनियाचा पेशंट सक्सला दाद देत नाही, १ मि.ग्रॅ. प्रति किलोवर जबडा नीट सैल होत नाही, इमर्जन्सीत १.५ ते २ लागतात. "सगळी रिलॅक्संट कमी द्यायची" असं पाठ केलेला माणूस भरल्या पोटाच्या पेशंटला अर्धा सक्स देतो आणि अर्धवट सैल झालेल्या घशात झुंजत बसतो. आणखी एक, पायरिडोस्टिग्मिन हे सक्स तोडणारं प्लाझ्मातलं एन्झाइमही दाबतं, त्यामुळं एकदा लागू पडलं की ते नेहमीच्या पाच-दहा मिनिटांत उतरेल अशी आशा नको.

माझी दुसरी आणि मोठी चूक होती निओस्टिग्मिन. १९३४ साली मेरी वॉकर यांनी ग्रीनविचला मायस्थेनियाच्या पेशंटला फायसोस्टिग्मिन दिलं, ते याच विचारानं की हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसतो तर त्याचाच उतारा चालेल, आणि मिटलेली पापणी वर गेली. म्हणजे औषध बरोबरच आहे, मग अडचण कुठंय? बाकावर बसलेल्या अ‍ॅसिटिलकोलिनला लगेच खाली उतरवणारा एक कंडक्टर असतो, कोलिनएस्टरेज. निओस्टिग्मिन त्या कंडक्टरचे हात बांधतं, प्रवासी वाढतात, रेटारेटीत रुमाल बाजूला होतात. पण मावशींच्या कंडक्टरचे हात दिवसातनं चार गोळ्यांनी आधीच बांधलेले! वरनं आणखी दोरी आवळून उपयोग थोडा आणि त्रास जास्त, कारण अ‍ॅसिटिलकोलिन फार साचलं की बाकं बधिर होतात आणि ताकद उलट घटते. त्या दिवशी मावशींना काय झालं होतं, उरलेलं रिलॅक्संट, मूळ आजार की कोलिनर्जिक झटका? माझ्या मते तिन्ही थोडं थोडं. बारीक बाहुल्या, घाम, मंद नाडी, पोटात कळ हे कोलिनर्जिककडं बोट दाखवतात, पण बरोबर ग्लायको दिलेलं असलं की नाडी आणि लाळ झाकली जाते, तेवढ्यावर विसंबू नका. अशा वेळी आणखी निओस्टिग्मिन देऊन बघूया हा मोह पहिला आवरा, नळी घाला आणि वेळ जाऊ द्या.

(जाता जाता: राधानगरी-पन्हाळ्याकडनं साप चावलेले पेशंट येतात त्यांना हीच गोष्ट लागू होते. नागाचं विष याच रिसेप्टरवर रुमाल टाकतं, तिथं निओस्टिग्मिनचा फायदा दिसतो. मण्यारचं विष मुख्यतः नसेचं टोकच खराब करतं, प्रवासीच निघत नाहीत, तिथं कंडक्टरला बांधून फारसं काही होत नाही.)

पाच सेकंद डोकं उचललं म्हणजे झालं, हेही सोडा. टीओएफ रेशो ०.६ च्या आसपास असतानाही लोक डोकं उचलून दाखवतात. टीओएफ म्हणजे मनगटाशी अल्नर नसेला अर्ध्या अर्ध्या सेकंदानं चार झटके द्यायचे आणि अंगठ्याचा चौथा झटका पहिल्याच्या किती भाग आहे ते मोजायचं. हातानं चाचपून कळतं असं वाटतं, पण रेशो ०.४ च्या वर गेला की बोटाला फरक लागत नाही, आकडा दाखवणारं यंत्रच पाहिजे.

मागच्या वर्षी अशाच एक ताई आल्या, ५८ किलो, तेच ऑपरेशन, आजार सहा वर्षांचा. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला लावली (काही जण बंद ठेवतात, मला गिळण्याची आणि श्वासाची ताकद हातात असलेली बरी वाटते). फेंटॅनिल आणि प्रोपोफोलनं झोपवलं आणि रिलॅक्संटचा थेंबही जायच्या आधी, सेव्होफ्लुरेन सुरू करायच्याही आधी, टीओएफ लावला, कारण सेव्हो स्वतःच या पेशंटांत झटके कमी करतं. रेशो आला ०.८४. म्हणजे रिकाम्या गाडीतच चौथा झटका कमी! हा आकडा सोन्याचा आहे, सुरुवातीलाच ०.९ च्या खाली असलेल्यांना रिलॅक्संट आणखी कमी पुरतं.

एरवी रोक्युरोनियम ३५ मि.ग्रॅ. गेलं असतं. १० दिलं आणि तीन मिनिटं हात बांधून उभा राहिलो, सर्जन घड्याळाकडं बघतायत. चारपैकी एकच झटका उरला. नळी घातली, मध्ये एकदा ५ मि.ग्रॅ. लागलं. शेवटी दोन झटके परतले होते तेव्हा शुगामॅडेक्स २ मि.ग्रॅ. प्रति किलोनं साधारण १२० दिलं. हे औषध कंडक्टरला हात लावत नाही, रोक्युरोनियमचे रुमालच गोळा करून पिशवीत घालतं, व्हेक्युरोनियमचेही घालतं, अ‍ॅट्राक्युरियमचे मात्र नाही. म्हणून शुगामॅडेक्स असेल तरच मी रोक्युरोनियम उघडतो. ते महाग आहे, सगळीकडं नसतं, तिथं मी रिलॅक्संटच टाळतो, सेव्हो खोल करतो आणि स्वरयंत्रावर लिग्नोकेन फवारून नळी घालतो.

थोड्या वेळात रेशो ०.८३ ला जाऊन थांबला. ज्युनिअर म्हणाला, "सर, ०.९ पाहिजे, अजून एक डोस देऊया का? की थोडं निओ?" सुरुवातीचा ०.८४ लिहिलेला नसता तर मीही दिला असता. ताईंची गाडी मुळात तेवढीच धावते, सुटलेले रुमाल सुटले होते. जाग आली, खोकला दमदार होता, श्वासाचं मापही सुरुवातीसारखं होतं, तेव्हा नळी काढली.

वॉर्डात एकच भांडण झालं. ऑपरेशननंतरच्या छापील ऑर्डरमध्ये जेंटामायसिन होतं, ते मी खोडलं. ते आणि मॅग्नेशियम दोन्ही नसेतनं अ‍ॅसिटिलकोलिन सुटणं कमी करतात, आणि १० बाकं जेमतेम भरणाऱ्या गाडीत स्टँडवरचे प्रवासी कमी करून कसं चालेल. रात्री एचडीयूत ठेवलं, संध्याकाळची गोळी वेळेवर दिली. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वर "बेसलाइन टीओएफ ०.८४, रोक्युरोनियम एकूण १५ मि.ग्रॅ., निओस्टिग्मिन नको" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ताईंना सांगितलं, याची झेरॉक्स गोळ्यांच्या पाकिटातच ठेवा.